सात फुल्या आणि ९९८ भागाकार

कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रश्न हमखास भेटतो. १० लाखांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या शोधा; आधी भागाकार करून, मग एरॅटोस्थेनीसच्या चाळणीने; आणि चाळणी वेगवान का ठरते ते चार ओळींत लिहा. प्रोग्रॅम बहुतेकांचे चालतात. घोडं अडतं ते त्या चार ओळींपाशी. जर्नलं चाळली की दोनच उत्तरं आलटूनपालटून दिसतात. एक म्हणजे ‘चाळणीत भागाकार नसतो, नुसती बेरीज असते, म्हणून ती वेगवान.’ आणि दुसरं, कुठून तरी उतरवून घेतलेलं `O(N log log N)`. पहिलं उत्तर अर्धवट खरं आहे. दुसरं पूर्ण खरं आहे, पण यातला `log log` आला कुठून, असं व्हायव्हात विचारलं की समोरचा खिडकीबाहेर पाहू लागतो.

खरं उत्तर शाळेतल्या गणितापलीकडचं नाही. दोन्ही पद्धती कष्ट करतातच. कुठल्या संख्येवर किती कष्ट करतात, एवढंच बघायचं आहे.

आधी भागाकाराची पद्धत. ९७ ही मूळ संख्या आहे का, हे ठरवायचं तर तिला २ ने भागून पाहायचं, मग ३ ने, ४ ने, असं पुढे जायचं. कुठे बाकी शून्य आली की ती संयुक्त संख्या. मात्र ९६ पर्यंत जाण्याची गरज नाही. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यातला एक तरी तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असणारच. दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार त्या संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून ९७ साठी ९ पर्यंत पाहिलं की काम संपतं. पायथॉनमध्ये हे असं लिहितात:

```python
def mool_ahe(n):
    if n < 2:
        return False
    d = 2
    while d * d <= n:
        if n % d == 0:
            return False
        d += 1
    return True
```

यात `n % d` म्हणजे n ला d ने भागल्यावर उरणारी बाकी. प्रत्येक संख्येला उभं करून तिची स्वतंत्र झडती घ्यायची, असा हा प्रकार.

चाळणीत झडती नाही. तिथे पाढे म्हणायचे असतात. २ पासून १०० पर्यंतच्या संख्या लिहायच्या. पहिली संख्या २. तिला तशीच ठेवून तिच्या पाढ्यातल्या पुढच्या सगळ्या संख्यांवर फुली मारायची. नंतरची फुली नसलेली संख्या ३, तिचा पाढा. ४ वर फुली आहे, सोडून द्यायचा. मग ५, मग ७. संपलं. जे उरलं ते मूळ.

```python
def chalani(N):
    khun = [True] * (N + 1)
    khun[0] = khun[1] = False
    p = 2
    while p * p <= N:
        if khun[p]:
            for k in range(p * p, N + 1, p):
                khun[k] = False
        p += 1
    return [n for n in range(N + 1) if khun[n]]
```

`khun` ही N + 1 घरांची रांग आहे. सुरुवातीला सगळ्या घरांत `True`, म्हणजे ‘अजून फुली नाही’. आतली `for` ची ओळ म्हणजे पाढा. तो `p * p` पासून सुरू होतो याकडे लक्ष द्या. ७ चा पाढा ४९ पासून म्हटला तरी चालतो, कारण १४, २१, २८, ३५ आणि ४२ या संख्यांवर २, ३ आणि ५ यांनी आधीच फुल्या मारलेल्या आहेत. आणि ११ चा पाढा म्हणायचीच गरज नाही, कारण ११ चा वर्ग १२१ आणि आपली रांग १०० ला संपते.

ही युक्ती एरॅटोस्थेनीसच्या नावावर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा ग्रीक विद्वान अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता; पृथ्वीचा परीघ मोजण्याबद्दल त्याचं नाव शाळेत ऐकलेलं असतं. चाळणीवरचं त्याचं स्वतःचं लिखाण आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ती कळते ती नंतरच्या निकोमेकस या लेखकाच्या अंकगणिताच्या पुस्तकातून. निकोमेकस ३ पासून पुढच्या विषम संख्या ओळीत मांडतो आणि जागा मोजत जातो: ३ नंतर दोन संख्या सोडून तिसरी, पुन्हा दोन सोडून तिसरी, ५ नंतर चार सोडून पाचवी. ३ नंतर ५ आणि ७ सोडले की ९ येतो, मग ११ आणि १३ सोडले की १५. भागाकाराचा प्रश्नच येत नाही, हाताने जागा मोजता आल्या की झालं. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी करू. १०० पर्यंत चाळणीत २ च्या ४९ फुल्या पडतात, ३ च्या ३१, ५ च्या १६ आणि ७ च्या ८. एकूण १०४. भागाकाराच्या पद्धतीत त्याच १०० संख्यांसाठी २३६ वेळा बाकी काढावी लागते. हाही हिशोब हाताने होतो, वहीचं एक पान पुरतं. म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन पट. एवढ्यावर घड्याळ लावलं तर दोन्ही प्रोग्रॅम सारखेच वाटतील, आणि ‘सर, दोन्ही एकदमच येतात’ अशी तक्रार येते ती बहुधा N = १०० ठेवणाऱ्यांकडून.

पण या २३६ च्या पोटात शिरून पाहण्यासारखं आहे. शेजारशेजारच्या दोन संख्या घेऊ, ९० आणि ९१, आणि थोडी पुढची ९७.

९० ला भागाकाराची पद्धत एका फटक्यात निकालात काढते: २ ने भागली, बाकी शून्य, पुढे चला. चाळणी मात्र ९० वर तीन फुल्या मारते, एकदा २ च्या पाढ्यात, एकदा ३ च्या, एकदा ५ च्या. इथे चाळणीचं काम चक्क जास्त झालं. ९१ म्हणजे ७ गुणिले १३. भागाकाराला २, ३, ४, ५, ६ आणि ७ असे सहा प्रयत्न लागतात. चाळणीत ७ च्या पाढ्यातली एकच फुली. आता ९७. भागाकारवाला २ पासून ९ पर्यंत आठ वेळा भागतो आणि आठही वेळा त्याच्या हाती काही लागत नाही. ‘काही लागलं नाही’ हेच त्याचं उत्तर. चाळणीत ९७ वर फुल्या किती? शून्य. तिच्याकडे कुणी फिरकतच नाही. कुठल्याच पाढ्यात ती येत नाही, म्हणून ती शेवटी उभी राहते.

सगळी मेख इथेच आहे. भागाकाराच्या पद्धतीत संयुक्त संख्या बहुतेक वेळा स्वस्तात सुटते, पण मूळ संख्येला पूर्ण किंमत मोजावी लागते, कारण ‘हिला कुणीच भागत नाही’ हे सिद्ध करायला एकेकाला विचारून नकार घ्यावा लागतो. चाळणीत नकार गोळा करावे लागत नाहीत. तिथे होकारांचीच नोंद होते: ज्या मूळ संख्येने भाग जातो तीच येऊन फुली मारते, ज्यांनी भाग जात नाही त्या वाटेलाही जात नाहीत.

आता रांग १० लाखांपर्यंत लांबवा. १० लाखांच्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या ९,९९,९८३. तिच्यासाठी भागाकारवाल्याला २ पासून ९९९ पर्यंत ९९८ भागाकार करावे लागतात, आणि ९९८ वेळा निराशा. चाळणीत तिच्यासाठी अर्थात काहीच करावं लागत नाही. बरं, चाळणीत एखाद्या संख्येवर जास्तीत जास्त किती फुल्या पडू शकतील? जितके वेगवेगळे मूळ अवयव तितक्याच, त्याहून एकही जास्त नाही. आणि वेगवेगळे मूळ अवयव भराभर जमवायचे तर सर्वांत लहान घ्यावे लागतील: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १७. हा गुणाकार ५,१०,५१० येतो. त्याला पुढच्या मूळ संख्येने, १९ ने, गुणलं की ९६,९९,६९० होतात, म्हणजे १० लाख केव्हाच ओलांडले. तेव्हा १० लाखांच्या रांगेत कुठल्याही संख्येवर सातपेक्षा जास्त फुल्या पडूच शकत नाहीत.

एकीकडे वाईटात वाईट संख्येला सात फुल्या, दुसरीकडे वाईटात वाईट संख्येला ९९८ भागाकार. जर्नलातल्या चार ओळींसाठी माझ्या मते हे वाक्य पुरेसं आहे. त्यात `log` चं चिन्हही नाही आणि खोटं काही नाही.

सरासरी पाहायची असेल तर तीही देतो. १० लाखांपर्यंत चाळणीत एकूण सुमारे २१ लाख २२ हजार फुल्या पडतात, म्हणजे दर संख्येमागे दोनाहून जेमतेम जास्त. भागाकाराच्या पद्धतीत साधारण पावणेसात कोटी वेळा बाकी काढावी लागते. सव्वादोन पटींचा फरक आता तीसपटींच्या वर गेला. त्यातही वाटणी कशी आहे पाहा. १० लाखांत मूळ संख्या आहेत ७८,४९८, म्हणजे शंभरातल्या आठसुद्धा नाहीत. आणि पावणेसात कोटींतले पाच कोटींहून जास्त भागाकार या मूठभर संख्यांवर खर्च होतात. चारातले तीन भाग कष्ट अशा ठिकाणी, जिथे एकदाही भाग जाणार नाही. चाळणी नेमका हाच खर्च वाचवते.

मग ते `log log` कुठून आलं? २ चा पाढा रांगेतल्या निम्म्या संख्यांवरून जातो, ३ चा तिसऱ्या हिश्शावरून, ५ चा पाचव्या हिश्शावरून. म्हणजे फुल्यांची संख्या ही मूळ संख्यांच्या व्यस्तांच्या बेरजेवर ठरते: १/२ + १/३ + १/५ + १/७ आणि असंच पुढे. १,००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्यांसाठी ही बेरीज २.२ च्या आसपास येते. (पाढे वर्गापासून सुरू केल्यामुळे त्यातून थोडी सूट मिळते.) ही बेरीज कधीच थांबत नाही, हे ऑयलरने १७३७ मध्ये दाखवलं, आणि ती किती संथ वाढते ते मेर्टेन्सने १८७४ मध्ये. १०,००० पर्यंतच्या मूळ संख्या घेतल्या तरी ती २.५ लाही पोचत नाही. म्हणजे रांग १० लाखांवरून १० कोटींवर नेली, शंभरपट केली, तरी दर संख्येमागच्या फुल्या सव्वादोनच्या आतून अडीचच्या आत येतात, बस्स. भागाकाराच्या पद्धतीत मात्र मूळ संख्येमागचा खर्च वर्गमुळाच्या चालीने वाढतो: रांग शंभरपट, तर दर मूळ संख्येमागे भागाकार दहापट.

आता पहिल्या उत्तराकडे वळू: ‘चाळणीत बेरीज असते, भागाकार नसतो.’ बाकी काढण्यापेक्षा बेरीज करणं प्रोसेसरला हलकं जातं हे खरं. पण फक्त तेवढंच कारण असतं तर फरक ठरावीक पटीचा राहिला असता, N वाढवल्यावर रुंदावत गेला नसता. १०० ला सव्वादोन पट आणि १० लाखांना तीसपट हे प्रोसेसरच्या सोयीने होत नाही. क्रियांची संख्याच वेगळी आहे.

इथवर ठीक. पण या असाइनमेंटमधली सर्वांत मजेशीर चूक अजून आलेलीच नाही. काही मुलं खालच्यासारखा प्रोग्रॅम लिहितात आणि वर मोठ्या अक्षरांत ‘चाळणी’ असं शीर्षक देतात:

```python
def chalani_2(N):
    yadi = list(range(2, N + 1))
    mool = []
    while yadi:
        p = yadi[0]
        mool.append(p)
        yadi = [x for x in yadi[1:] if x % p != 0]
    return mool
```

वाचायला किती सुंदर आहे! यादीतली पहिली संख्या मूळ. तिने भाग जाणाऱ्या सगळ्या काढून टाका. उरलेल्या यादीतली पहिली पुन्हा मूळ. चाळणीचं वर्णन शब्दाने करायचं झालं तर आपण असंच करू. उत्तरही बिनचूक येतं. व्हायव्हात संवाद साधारण असा होतो:

“हा चाळणीपेक्षा भागाकाराचाच प्रोग्रॅम लवकर संपतोय, बघितलंस का?”

“हो सर. पण चाळणी बरोबर लिहिलीय. लॅपटॉप स्लो असेल.”

“मग भागाकारवाला कुठल्या लॅपटॉपवर चालवलास?”

“त्याच.”

लॅपटॉपचा काही दोष नाही. या प्रोग्रॅममध्ये `%` आहे, म्हणजे झडती आहे. ७ ची पाळी आली की तो ७ चा पाढा म्हणत नाही; यादीत उरलेल्या प्रत्येक संख्येला थांबवून विचारतो, ‘तुला ७ ने भाग जातो का?’ ९७ लाही विचारतो. निकोमेकस जागा मोजत थेट पुढच्या पटीवर जातो, हा मात्र मधल्या कुणालाच सोडत नाही. आणि याहून वाईट म्हणजे वर्गमुळापाशी तो थांबतही नाही. ९७ ला तिच्या आधीच्या सगळ्या २४ मूळ संख्यांनी भागून पाहिल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही, तिथे साधा भागाकारवाला आठांत मोकळा झाला होता.

१०० पर्यंत या प्रोग्रॅमला ४११ वेळा बाकी काढावी लागते. खऱ्या चाळणीच्या १०४ फुल्या आणि साध्या भागाकाराचे २३६ भागाकार आठवा. हा दोघांच्याही मागे. १० लाखांवर नेलं तर ७८,४९८ मूळ संख्यांपैकी प्रत्येकीला तिच्या आधीच्या प्रत्येकीने भागायचं, म्हणजे ७८,४९८ गुणिले ७८,४९७ भागिले २. हे ३०८ कोटी होतात. ज्या भागाकाराच्या पद्धतीला हरवायला निघालो होतो तिच्याच पंचेचाळीसपट काम.

या चुकीबद्दल मुलांना फार बोल लावायला नको. हाच साचा संगणकशास्त्राच्या मोठमोठ्या पुस्तकांत ‘एरॅटोस्थेनीसची चाळणी’ म्हणून वर्षानुवर्षं मिरवत होता. डेव्हिड टर्नर यांनी १९७५ मध्ये तो एका फंक्शनल भाषेत दोन ओळींत लिहून दाखवला, आणि तेव्हापासून त्या शैलीच्या भाषा किती नेटक्या असतात हे पटवायला सगळे तोच दाखवू लागले. मेलिसा ओनील या अमेरिकेतल्या प्राध्यापिकेने २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ फंक्शनल प्रोग्रॅमिंग’मध्ये एक निबंधच लिहिला, की ही चाळणी नव्हेच, चाळणीच्या वेषातला भागाकार आहे, आणि तोही वाईट भागाकार. मूळ चाळणीचं वैशिष्ट्य संख्या गळण्यात नाही, कोणत्या संख्येला कोण हात लावतं यात आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. निबंध वाचताना वाटत राहतं, की इतक्या वर्षांत कुणी घड्याळ लावूनच पाहिलं नव्हतं की काय!

खोट्या चाळणीवर इलाज म्हणून काही जण ‘p चा वर्ग N पेक्षा मोठा झाला की थांबा’ एवढी अट घालतात. फायदा प्रचंड होतो, ३०८ कोटींवरून काम दीड कोटीच्या वर कुठेतरी येऊन थांबतं. साध्या भागाकारापेक्षाही ते पुष्कळ कमी आहे. पण आता हा प्रोग्रॅम म्हणजे ‘फक्त मूळ संख्यांनी भागून पाहणे’ एवढाच झाला, आणि खऱ्या चाळणीच्या २१ लाखांपेक्षा अजूनही सातपटींच्या आसपास जड आहे. दर मूळ संख्येला १६८ नकार गोळा करावेच लागतात. यादीतून `remove` वापरून एकेक पट काढणारेही असतात. त्यांच्याकडे `%` नसतो, पण `remove` दर वेळी यादीच्या सुरुवातीपासून ती संख्या शोधत जातो आणि सापडल्यावर मागच्या सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवतो. फुली मारणं वेगळं आणि रांग मोडून पुन्हा लावणं वेगळं. चाळणीत घर जागच्या जागी राहतं, म्हणूनच `khun[k]` पर्यंत थेट उडी मारता येते.

आपण लिहिलेली चाळणी खरी की खोटी, हे कोड न वाचताही कळतं. N आधी १ लाख ठेवून वेळ मोजा, मग १० लाख. खऱ्या चाळणीचा वेळ दहापटीहून थोडा जास्त होईल. वर्गमुळाशी थांबणाऱ्या भागाकाराचा पंचवीसपटींच्या आसपास जाईल. खोट्या चाळणीचा जवळजवळ सत्तरपट, आणि १० लाखांना तर ती उत्तर द्यायला मिनिटं घेईल. आकडे संगणकागणिक थोडे सरकतील. पट मात्र फारसे हलत नाहीत, म्हणून निव्वळ सेकंद लिहिण्यापेक्षा पट लिहिणं चांगलं. वेळेवर भरवसा नसेल तर फुली मारण्याच्या ओळीखाली एक मोजणी ठेवा. N = १०० ला ती १०४ आली पाहिजे. १०४ च्या जागी दुसरं काही आलं तर पाढा एक तर वर्गापासून सुरू होत नाही किंवा १०० च्या आधीच थांबतोय. `N + 1` च्या जागी `N` लिहिणाऱ्यांच्या हातून १०० हे शेवटचं घर निसटतं आणि तिथली खूण `True` च राहते. १०० मूळ संख्या म्हणून यादीत आली की समजावं. ०, १ या घरांवर आधी फुली मारायला विसरलं तर १ यादीत येते, हे त्याचंच भावंड.

सी किंवा जावात लिहिणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. तिथे साधा `int` २,१४,७४,८३,६४७ ला भरतो. बाहेरचं लूप वर्गमुळापाशी न थांबवता थेट N पर्यंत नेलं, आणि N १ लाख असेल, तर `i` ४६,३४० च्या पुढे गेला की `i * i` या मर्यादेबाहेर जातो आणि ऋण होतो. मग प्रोग्रॅम ऋण क्रमांकाचं घर शोधायला निघतो. जावा लगेच बोंब मारते. सी कधी कोसळतं, कधी मुकाट्याने दुसऱ्याच कुणाच्या जागेत फुली मारून येतं. N = १०,००० ला सगळं छान आणि १ लाखाला स्फोट, असं दिसलं तर आधी इथे बघायचं.

चाळणीची खरी अडचण वेळेची नाही, जागेची आहे. प्रत्येक संख्येला एक घर लागतं. पायथॉनच्या साध्या `list` मध्ये एका घराला ८ बाइट जातात, म्हणजे १ कोटीच्या रांगेला ८० एमबी. `bytearray` वापरला तर १० एमबी. १०० कोटींची रांग `list` मध्ये मांडायची तर ८ जीबी, आणि तिथे बहुतेक लॅपटॉप हात टेकतात. यावर तोड म्हणजे रांगेचे तुकडे करायचे. १०० कोटींचं वर्गमूळ ३१,६२२ आणि थोडं वर. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ३,४०१. त्या एकदा शोधून ठेवायच्या, मग दहा-दहा लाखांचा एकेक तुकडा घेऊन त्यावर याच ३,४०१ संख्यांचे पाढे म्हणायचे, उरलेल्या मूळ संख्या टिपून घ्यायच्या आणि तीच जागा पुढच्या तुकड्याला वापरायची. प्रत्येक तुकड्यात पाढा नेमका कुठून सुरू करायचा, तेवढं मात्र एकदा भागाकार करून काढावं लागतं.

आणि प्रश्न एकाच संख्येचा असेल तर चाळणी काढूच नये. समजा १,००,००,००,००७ मूळ आहे का, एवढंच विचारलंय. (आहे. प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत उत्तराची बाकी काढायला हीच संख्या देतात.) चाळणीने हे ठरवायचं तर १०० कोटींहून जास्त घरं मांडून त्यांवर २०० कोटींच्या वर फुल्या माराव्या लागतील, एका घराकडे बघण्यासाठी. साधा भागाकारवाला २ पासून ३१,६२२ पर्यंत जाऊन ३१,६२१ भागाकारांत मोकळा होतो, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. तेवढेही नको असतील तर ३१,६२२ घरांची छोटी चाळणी लावून ३,४०१ मूळ संख्या काढायच्या आणि फक्त त्यांनी भागून पाहायचं.